पुसलेल्या खुणेचा माणूस

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. श्रद्धांजलीचा व्हिडिओ करून द्या म्हणून कुणी स्टुडिओत आलं, की मी डोळ्यांचं कारण पुढं करायचो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पडद्यासमोर फार वेळ बसवत नाही, असं सांगायचो. ऑपरेशन झालं होतं हे खरं. पण त्यानंतर मला पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसायला लागलं होतं, आणि खरी अडचण तीच होती.

सोलापुरात लग्नाचे फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलं. रोलचा कॅमेरा, मग व्हिडिओ कॅसेट, मग कॉम्प्युटर. नंतर लग्नांना नव्या पोरांचे ड्रोन आले आणि माझ्याकडं उरले ते वाढदिवस, डोहाळजेवणं आणि वर्षश्राद्धाचे व्हिडिओ. वर्षश्राद्धाला नातेवाईक जमतात, जेवणाआधी मोठ्या टीव्हीवर गेलेल्या माणसाचे फोटो दाखवतात, मागं संथ बासरी. फोटो थोडे असतात आणि बासरी लांब. मग मधली जागा भरायला आकाश लागतं, तेवणारी समई लागते, नदी लागते.

ही नदी आणि हे आकाश मी कधी शूट करायला गेलो नाही. तयार दृश्यं विकणाऱ्या साइट असतात. हवं ते शोधायचं, नमुना बघायचा. नमुन्यावर मधोमध त्या कंपनीची खूण असते, अर्धवट पारदर्शक. खूण असलेला नमुना आपल्या व्हिडिओत बसतो का एवढं बघण्यापुरता वापरायचा, पसंत पडला की परवाना विकत घ्यायचा आणि खुणेशिवायची स्वच्छ फाइल उतरवून घ्यायची, अशी ती पद्धत. मी पहिली पायरी करायचो आणि दुसरी गाळायचो. खूण पुसणारं एक सॉफ्टवेअर मला मिळालं होतं. खुणेभोवती चौकट काढायची, बटण दाबायचं. ते आजूबाजूचं चित्र उचलून खुणेच्या जागी भरतं. आभाळ असेल तर कळतसुद्धा नाही.

माझी मुलगी तेव्हा माझ्याबरोबर स्टुडिओ बघायला लागली होती. तिनं एकदा खुर्चीमागं उभं राहून हे बघितलं.

“अप्पा, हे काय चाललंय?”

“आभाळ साफ करतोय.”

“आभाळ साफच आहे. तुम्ही त्याचं नाव पुसताय ज्यानं ते काढलं.”

“कंपनीचं नाव आहे ते. कंपनीला काय फरक पडतो? आणि आभाळ काय त्यांच्या बापाचं आहे?”

ती हसली नाही. उठून कपाटातून एक जुना प्रूफ अल्बम काढला. आम्ही लग्नाचे फोटो निवडायला देतो ना, त्या प्रत्येक फोटोवर आमच्या स्टुडिओचं नाव आडवं छापलेलं असतं, गिऱ्हाइकानं त्यावरूनच परस्पर प्रिंट काढू नयेत म्हणून. एका पार्टीनं तसं केलं होतं, तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन नवरदेवाच्या बापाशी भांडलो होतो. अल्बम माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, “हे नाव कशाला छापता मग? नवरा-नवरी काय तुमच्या बापाची आहेत?”

मी म्हणालो, लग्न वेगळं, आभाळ वेगळं. तिनं सांगितलं की फुकटही मिळतं, चांगलं मिळतं. काही साइटवर लोक आपली दृश्यं मोकळी सोडतात. फक्त खाली अटी लिहिलेल्या असतात त्या वाचायच्या. कुठं नाव द्यावं लागतं, कुठं धंद्यासाठी चालत नाही, कुठं काहीच अट नसते. आणि विकत घ्यायचं तर एकदा परवाना घेतला की तेच दृश्य पुन्हा पुन्हा वापरता येतं. मी हो हो केलं. शोधत बसायला लागलं असतं, वाचायला लागलं असतं. बटण दाबणं सोपं होतं.

त्यानंतर आक्का आली.

ती माझ्याच वयाची असेल, पण मी तिला आक्का म्हणायला लागलो आणि ती मला भाऊ. मूळची वेळापूरकडची. एकुलता एक मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता, त्याच्याबरोबर ती दोन खोल्यांत राहायला आली होती. मुलाचं लग्न व्हायचं होतं. कारखान्यातून येताना त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेला. वर्ष होत आलं होतं. तिच्याकडं त्याचे फोटो अगदी मोजके, त्यातले निम्मे आधारकार्डासारखे, समोर बघणारे, न हसणारे.

“ह्यावर कसा व्हनार व्हिडिओ?” तिनंच विचारलं.

मी म्हणालो, “होतो की. त्याला काय आवडायचं सांगा, ते मध्ये मध्ये दाखवू.”

तिनं बराच विचार केला. “ज्वारी काढायला आला की त्यो धुक्यातच रानात जायचा. कुनी उठायच्या आत. मला म्हनायचा, आये, धुक्यात चालताना कसं कुनीच नसल्यागत वाटतं.”

मी ते लिहून घेतलं. जाताना ती दारात थांबली आणि दुसरंच बोलली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. सगळे ओढ्याकाठी ताटकळले, नाना शब्द दिले, शेताचे, आईला सांभाळायचे. कावळे झाडावर बसून होते पण खाली उतरले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

“दर्भाचा चालतो म्हनं,” ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघत राहिली, जणू मी ते पक्कं सांगू शकत होतो.

मी म्हणालो, चालतो.

धुक्यातली ज्वारी मला लगेच सापडली. परदेशी गव्हाची शेतं ढिगानं असतात, पण ही आपलीच ज्वारी होती, डोक्याएवढी उंच, काळ्या रानातली, दोन्ही बाजूंना कणसं धरलेली ताटं आणि मधून पायवाट. कॅमेरा माणसाच्या चालीनं त्या वाटेवरून पुढं पुढं जातो. टोकाला बांधावर एक वाकडी बाभूळ धुक्यातून हळूहळू उमटते. दृश्याखाली काढणाऱ्याचं नाव होतं, जिल्हाही होता, आपलाच. मी ते वाचलं आणि खाली सरकवलं.

मधोमध कंपनीची खूण होती. वर एक गोल, त्याखाली उभट चौकटीत अक्षरं. मी चौकट काढली, बटण दाबलं.

आभाळ भरणं वेगळं आणि हलतं धुकं भरणं वेगळं. कॅमेरा पुढं जात होता, ताटं बाजूनं सरकत होती, धुकं वाहत होतं. आणि खूण मात्र पडद्यावर एका जागी पक्की. तिच्या जागी सॉफ्टवेअरनं जे भरलं ते आजूबाजूच्या धुक्याशी जुळत नव्हतं. आतलं धुकं बाहेरच्यापेक्षा सावकाश हलत होतं. कडा किंचित थरथरत होत्या. माझ्या छोट्या पडद्यावर तो धुक्याचा दाट पुंजका वाटला. मला तो दिसला होता. दिसला नव्हता असं मी पुढं कित्येकदा स्वतःला सांगितलं, म्हणून इथं स्पष्ट लिहितो. दिसला होता, आणि मी म्हणालो, चालतंय.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं कोंबून बसली होती. कुणीतरी मोठा टीव्ही भाड्यानं आणला होता. दुपारची वेळ, पण पडदे ओढलेले. मी पेनड्राइव्ह लावला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. फोटो झाले. बासरी सुरू झाली. मग ती पायवाट आली.

मोठ्या पडद्यावर मी ते पहिल्यांदाच बघत होतो. ज्वारीच्या मधोमध, वाटेवर, एक माणूस उभा होता.

डोकं होतं, खांदे होते, खाली वाटेच्या काळ्या रंगात मिसळलेले पाय. कॅमेरा पुढं चालला होता. ताटं दोन्ही बाजूंनी मागं जात होती, बाभूळ जवळ येत होती. तो जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. आपण चालत राहावं आणि समोरच्यानं तेवढंच अंतर ठेवून मागं सरकावं, तसं. श्वास घेतल्यासारख्या त्याच्या कडा हलत होत्या. तोंडाच्या जागी नुसतं धुकं.

एक लहान मूल आईच्या कुशीत तोंड लपवून रडायला लागलं, तेव्हा मला कळलं की हे फक्त मला दिसत नाहीये. ती खूण होती हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं, आणि माझ्याही हातावर काटा उभा राहिला होता.

आक्का उठली. टीव्हीपाशी गेली. वाट संपली, पुन्हा त्याचा फोटो आला. ती वळून मला म्हणाली, “भाऊ, मागं घ्या.”

मी मागं घेतलं.

“थांबवा.”

थांबवल्यावर तो जरा पुसट झाला. ती म्हणाली, “चालू ऱ्हाऊ द्या.” चालू केल्यावर तो पुन्हा भरला. हलत्या चित्रातच तो माणूस होत होता.

“त्योच हाय,” ती म्हणाली. कुणीतरी म्हातारा सोयरा पुटपुटला, “तरी मी म्हनलं हुतं, दर्भाच्या कावळ्यानं भागत न्हाय.” बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं: आक्का, ही कंपनीची खूण आहे, मी ती नीट पुसली नाही. तीस माणसांसमोर आपण चोरीचं दृश्य वापरलं असं कसं सांगायचं, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी पेनड्राइव्ह तिथंच ठेवून चपला घातल्या.

नंतर काही दिवसांनी तिनंच बोलावणं पाठवलं. मी संध्याकाळी गेलो. शेजारी विणकाम करणारं तेलुगू बोलणारं कुटुंब होतं. त्यांच्या घरची बाई दारात उभी होती, मला बघून आत गेली आणि दार लावून घेतलं. आक्काच्या घरातून बासरी ऐकू येत होती.

भाड्याचा टीव्ही परत गेला होता, पण तिच्या लहान टीव्हीवर तेच दृश्य लागलं होतं. समोर ताटात भाकरी, वर ठेचा, तांब्यात पाणी. दृश्य संपलं की ती रिमोटनं मागं घ्यायची. ते बटण कुठलं हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

“बसा,” ती म्हणाली. “आता ईल बघा.”

तो आला. वाटेवर उभा राहिला.

“भाऊ, तुमी एवढ्या मानसांचे फोटू काढलासा. मला एक सांगा. ह्याचं तोंड का दिसंना?”

मी म्हणालो, धुकं आहे ना.

“धुकं न्हाय.” तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. “त्या दिशी सकाळी आमचं भांडान झालं. लग्नाचंच. त्यो न्हाय म्हनत हुता. मी म्हनले, जा, पुन्ना तोंड दावू नगंस मला. डबा पन दिला न्हाय. तसाच गेला. आता हुबा ऱ्हातोय माझ्याम्होरं, पर तोंड दावत न्हाय. माझा शब्द पाळतोय त्यो. म्हनून तर जाईना झालाय.”

बासरी संपली. तिनं मागं घेतलं.

आता मला सांगायला हवं ते नुसतं माझ्या चोरीबद्दल राहिलं नव्हतं. तिच्या एका रागाच्या शब्दानं मुलगा अडकून पडलाय असं ती समजत होती, आणि तसं काही नाही हे सांगू शकणारा जगात एकटा मी होतो. मी पाणी प्यायलो. म्हणालो, “आक्का, व्हिडिओत थोडा दोष राहिलाय. मी दुरुस्त करून आणतो.”

“दोष?” ती म्हणाली. तिला शब्द आवडला नाही.

स्टुडिओत येऊन मी तोच तुकडा पुन्हा त्या सॉफ्टवेअरमधून काढला. चौकट मोठी केली, कडा मऊ केल्या. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी नाही. पुसलेल्यावर पुन्हा पुसलं की चित्रात काही उरतच नाही, ते सॉफ्टवेअर अंदाजानं भरत जातं. आता तो सलग उभा राहायचा नाही. क्षणभर असायचा, मग नसायचा, मग खांद्याच्या बाजूला एक पांढरा फराटा उठायचा आणि विरायचा. मला वाटलं, पहिल्यापेक्षा बरं. त्याला आता कुणी माणूस म्हणणार नाही.

आक्कानं ते बघितलं आणि हळूच म्हणाली, “हात करतोय.”

मी घाम पुसत बाहेर पडलो. त्या रात्री आणि पुढं बऱ्याच रात्री मी डोळे मिटले की एक पायवाट सुरू व्हायची. मी चालायचो. मधोमध कुणीतरी असायचं.

प्रकरण बाहेर आलं ते वेगळ्याच वाटेनं. तिच्या नातेवाइकांनी तो व्हिडिओ मोबाईलवरून गावोगाव पाठवला होता. त्याच्या शेवटी आमच्या स्टुडिओचं नाव आणि नंबर होता. एका दुपारी फोन आला, मुलीनं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“ताई, तुमचाच स्टुडिओ का? मी मंगळवेढ्याच्या बाजूनं बोलतोय. माझ्या रानात कोन मानूस हुबा केलाय तुमी?”

मुलीला काही कळेना. “कुठलं रान?”

“ज्वारीचं वो. धुक्यातलं. मी काढलेलं हाय ते, साइटवर इकायला ठेवलंय. वाकडी बाभूळ दिसती का टोकाला? ती माझ्या आज्यानं ठेवलेली बाभूळ हाय. कंपनीचं नाव पुसलंसा, बाभूळ पुसायची इसरलासा व्हय?”

तो शेतकरीच होता, फावल्या वेळात कॅमेरा घेऊन फिरणारा. पुढं तो जे बोलला त्यात राग कमी आणि वैताग जास्त होता. व्हिडिओ त्याच्याही गावात पोचला होता. लोकांनी बाभूळ ओळखली होती. आता त्या बांधानं पहाटे कुणी जात नव्हतं. ज्वारी काढणीला आलेली, आणि बाया म्हणत होत्या, वर ऊन आल्याशिवाय त्या रानात पाय ठेवणार नाही. एकीला तर तिथं खरंच कुणीतरी दिसलं होतं.

“तिथं कुनी न्हाय वो,” तो म्हणाला. “मी जलमल्यापास्नं त्या वाटंनं जातोय. पर आता मीबी कंदील घिऊन जातोय, हाय का न्हाय गंमत?”

मुलीनं त्याची माफी मागितली, आम्ही बघतो म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडं वळली. मी सगळं सांगितलं. आक्काचं, ताटाचं, तोंड न दाखवण्याचं, दुसऱ्यांदा पुसल्याचं. ती मला ओरडेल असं वाटलं होतं. ती खुर्चीत बसली.

“मी समजत होते, हे फक्त परवान्याचं आहे,” ती म्हणाली. “नियम मोडतो आपण, कधीतरी नोटीस येईल, एवढंच. मुद्दाम नाव पुसणं कायद्यात बसत नाही, हेही तुम्हाला सांगणार होते एक दिवस. अप्पा, तुम्ही त्या बाईला काय देऊन बसलात?”

“फुकटवाल्या साइटवरून दुसरं धुकं घेऊ,” मी म्हणालो. “बदलून देतो.”

“नाही. दुसरं दिलंत तर तिला वाटेल तिचा मुलगा पहिल्यातच राहिला. हेच दृश्य स्वच्छ घेऊन जायचं. तिला तिन्ही ओळीनं दाखवायचं. आधी खूण असलेलं, मग पुसलेलं, मग खरं. आणि तिला सांगायचं. मी नाही, तुम्ही सांगायचं.”

तिनं त्या शेतकऱ्याला परत फोन लावला. तुम्हीच पाठवाल का स्वच्छ फाइल, आम्ही पैसे देतो, असं विचारलं. तो म्हणाला, हे दृश्य एकट्या कंपनीलाच दिलंय, तसा करार आहे, ते परस्पर देता येत नाही. तिथूनच रीतसर घ्या. “पर ताई,” तो म्हणाला, “आधी एक फोन केला असता तर त्याच सकाळचं दुसरं काढलेलं माझ्याकडं पडून हुतं. ते दिलं असतं मी, त्या आईसाठी. त्याला कशाला कंपनी?”

मुलीनं साइटवर स्टुडिओच्या नावानं परवाना घेतला. अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत मला मोठ्यानं वाचायला लावल्या. मग स्वच्छ फाइल उतरली. आम्ही दोघांनी दिवे लावूनच ती बघितली.

पायवाट, ताटं, वाहणारं धुकं. मधोमध वाट मोकळी होती. पार बाभळीपर्यंत कुणी नव्हतं. इतकं कुणी नव्हतं की मी दोनदा मागं घेऊन बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटा आक्काकडं गेलो. तीन तुकडे एका पेनड्राइव्हवर, ओळीनं. जिन्यात मी वाक्य पाठ केलं होतं. दार उघडंच होतं. ताट मांडलेलं होतं.

“आनलासा?” ती म्हणाली. तिनं हात धुतले, केस सारखे केले आणि टीव्हीसमोर बसली. कुणी घरी येणार असावं तशी.

पहिला तुकडा खुणेचा होता. माझा अंगठा रिमोटवर होता. तो दाबला की पडद्यावर कंपनीचं नाव येणार होतं आणि मग मला बोलावंच लागणार होतं. मी तो तुकडा ओलांडला. दुसराही ओलांडला. सरळ तिसरा लावला.

वाट सुरू झाली. आक्का पुढं वाकली. बाभूळ उमटायला लागली. ती उठली, टीव्हीपाशी गेली आणि काचेवर मधोमध तळवा ठेवला, जिथं तो उभा असायचा. तिच्या बोटांच्या आजूबाजूनं ज्वारी सरकत राहिली.

“कुटं गेला?”

मी रिमोट खाली ठेवला.

“भाऊ, कुटं गेला? काय केलासा तुमी?”

आणि मी म्हणालो, “सुटला असेल, आक्का.”

हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. मला वाटलं असेल की ह्यानं तिचं समाधान होईल आणि माझंही निभावेल. तिनं हात काढला. काचेवर तळव्याचा ओला ठसा राहिला, त्यामागं रिकामी वाट.

“सुटला?” ती म्हणाली. “तोंड न दावताच?”

बासरी संपल्यावर तिनं मागं घेतलं नाही. तिनं ताट उचललं आणि आत नेलं. परत आली तेव्हा मला चहा विचारला. मी नको म्हणालो.

घरी मुलीनं विचारलं, “सांगितलंत?” मी म्हणालो, “सांगितलं.” तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मी डोळ्यांत औषध घालायच्या निमित्तानं आरशाकडं गेलो. तिनं मग तिच्या परीनं बाकीचं निस्तरलं. त्या शेतकऱ्याच्या गावी खुणेचा आणि पुसलेला असे दोन्ही तुकडे पाठवले, त्यानं ते चावडीवर दाखवले, बाया बांधानं जायला लागल्या. तिथं खूण बघून लोक हसले म्हणे. त्या गावातल्या सगळ्यांना खरं कळलं. ज्या एका बाईला कळायला हवं होतं तिला नाही.

आक्कानं खोली सोडली आणि ती गावी गेली. मी एकदा सांगायचं ठरवून निघालो, अर्ध्या वाटेपर्यंत गेलो. तिथं उतरून चहा घेतला आणि परतीच्या एसटीत बसलो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा निघालो. ह्या वेळी वेळापूरला पोचलो, तर तिच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या माणसानं सांगितलं, म्हातारी गेली, पाऊसकाळात. मी विचारलं, “दहाव्याला?” त्याला प्रश्न कळला.

“लगीच शिवला,” तो म्हणाला. “पिंड ठिवायचा अवकाश. तिला कायबी मागायचं नव्हतं.”

मी त्या रात्री तिथंच धर्मशाळेत राहिलो. पहाटे कॅमेरा घेऊन बाहेर पडलो. धुकं होतं. कुणाची तरी ज्वारी होती, मालक बांधावर भेटला, त्याला विचारून आत गेलो. मी पायवाटेनं चालत राहिलो, कॅमेरा समोर धरून, त्या पोराच्या चालीनं. खरंच कुणीच नसल्यागत वाटत होतं. मागं वळून बघायची मला हिंमत झाली नाही.

ते दृश्य मुलीनं एका मोकळ्या साइटवर ठेवलं आहे. कुणालाही वापरता येतं, काही अट नाही, कुणाची खूण नाही. वर्षश्राद्धाच्या व्हिडिओंत ते वापरलेलं मी अधूनमधून बघतो. प्रत्येक वेळी माझी नजर आधी मधोमध जाते. तिथं कुणी नसतं.

मुलगी हे वाचेल. मी सांगितलं नव्हतं, हे तिला इथंच कळेल.

आणि त्या दिवशी जिन्यात जे पाठ केलं होतं, ते हे होतं:

आक्का, तो तुमचा मुलगा नव्हता. दुसऱ्याच्या चित्रावरचं नाव मी पुसलं, त्याचा तो डाग होता. त्याला तोंड नव्हतं, कारण तो कुणीच नव्हता. तुमच्या शब्दानं कुणी अडकलेलं नाही. चूक माझी आहे, तुमची नाही. मला माफ करा.